‘बराबर हाय भाऊ’ : उत्तरदात्यांच्या होकाराचे आणि नकाराचे काय करायचे?

गुणात्मक संशोधनाचे प्रबंध वाचताना एक वाक्य हमखास भेटते. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, शेवटाकडे कुठेतरी ते बसवलेले असते : ‘निष्कर्षांची विश्वासार्हता वाढावी म्हणून ते उत्तरदात्यांना दाखवून त्यांची सहमती घेण्यात आली.’ किती जणांना दाखवले, कोणत्या भाषेत दाखवले, वाचून दाखवले की कागद हातात दिला, कोणी काही खोडले का, यातले काहीही पुढे येत नाही. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. मुलाखती घेणे, त्या उतरवून काढणे, त्यांत आशयसूत्रे शोधणे हे सारे मी पुस्तके वाचून आणि गावोगाव हिंडून शिकलो. त्यामुळे असेल कदाचित, पण हे वाक्य वाचले की मी थांबतो. यवतमाळ जिल्ह्यात ज्यांच्याशी मी बोलत आलो, त्यांच्यातले चार लोक एका वाक्यावर सहमत झालेले मी क्वचित पाहिले आहेत. प्रबंधातले सगळेच्या सगळे उत्तरदाते कसे काय सहमत होतात?

या पद्धतीला इंग्रजी ग्रंथांत ‘मेंबर चेकिंग’ म्हणतात. आपण तिला उत्तरदात्यांकडून पडताळणी म्हणू. ती रूढ झाली ती मुख्यतः इव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांच्या १९८५च्या ‘नॅचरॅलिस्टिक इन्क्वायरी’ या ग्रंथामुळे. आकडेवारीच्या संशोधनात मोजमाप खरे आहे की नाही ते तपासायला ठरलेल्या कसोट्या असतात. मुलाखतींवर उभ्या राहिलेल्या संशोधनात कोणती कसोटी लावायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की ज्यांच्या जगण्याचे वर्णन केले त्यांना ते आपले वाटते का, हे त्यांनाच विचारा. विश्वासार्हतेसाठी हे तंत्र सर्वांत कळीचे आहे असे त्यांनी म्हटले, आणि पुढे सगळ्यांनी तेवढेच उचलले. त्याच विवेचनात त्यांनी एक धोकाही सांगितला होता : उत्तरदात्यांचा मिळून एखादा समज असू शकतो, ते ठरवून दिशाभूल करू शकतात, किंवा केवळ भिडेपोटी ‘हो’ म्हणू शकतात. हा भाग आमच्याकडच्या प्रबंधांत मला कधी उद्धृत झालेला दिसला नाही.

ही भीड म्हणजे काय ते वऱ्हाडात वेगळे सांगायला नको. बाहेरून आलेला, वहीत लिहिणारा, ‘भाऊ’ किंवा ‘सर’ म्हटला जाणारा माणूस ओसरीवर बसून दोन पाने वाचतो आणि विचारतो, ‘हे बरोबर आहे का?’ उत्तर ठरलेले असते : ‘बराबर हाय भाऊ. तुमी लिहलं ते बराबरच असन.’ हा होकार आतिथ्याचा भाग आहे, चहासारखा. त्याची नोंद ‘सहमती’ म्हणून करणे म्हणजे चहा दिला म्हणून सही झाली असे समजणे.

यापुढचे सारे एका प्रकरणाच्या आधारे सांगतो. २०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी बऱ्याच वावरांत पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीचा जोर होता, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची पद्धत सर्रास होती. पारंपरिक हाताच्या पंपाऐवजी चार्जिंगचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक आणि जोरदार, त्यामुळे तो अंगावरही जास्त येतो. या घटनांचे एक स्पष्टीकरण तेव्हापासून पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले : फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क, चष्मा वापरला नाही, निष्काळजीपणा झाला.

पुढच्या दोन वर्षांत मी तीन गावांतल्या पंधरा-सतरा जणांशी सविस्तर बोललो. काही मजुरीने फवारणारे, काही स्वतःच्या वावरात फवारणारे, काही फवारणी करून घेणारे शेतमालक, आणि दोन घरांतल्या बाया, ज्यांचे नवरे त्या हंगामात दवाखान्यात होते. गावांची किंवा माणसांची नावे मी देणार नाही; का, ते पुढे येईल.

मुलाखती उतरवल्या, वाक्यावाक्याला खुणा केल्या, सारख्या खुणा एकत्र केल्या आणि चार आशयसूत्रे हाती आली. आता परत जाऊन काय दाखवायचे? पुष्कळ संशोधक मुलाखतीची उतरवलेली प्रत देतात. माझ्या मते याने फारसे साधत नाही. बोललेले जसेच्या तसे कागदावर आले की माणूस ओशाळतो. ‘मी असं अडाण्यासारखं बोललो का’ म्हणून भाषा सुधारू लागतो, आणि अर्थाची तपासणी बाजूला राहते. शिवाय आपण आपल्या मनाने काय अर्थ लावला ते त्या प्रतीत नसतेच. विश्लेषण तपासायचे असेल तर विश्लेषणच समोर ठेवायला हवे. मी प्रत्येक सूत्रासाठी आठ-दहा सोप्या वाक्यांचे एक पान तयार केले आणि ते वाचून दाखवले. निम्मे लोक वाचू शकत होते, पण वाचून दाखवताना कुठे चेहरा बदलतो ते दिसते. वेळ निवडली पेरणी उरकल्यानंतरची आणि फवारणी सुरू होण्याआधीची. फवारणीच्या दिवसांत गेले असते तर कोणी बसलेच नसते.

‘बरोबर आहे का’ हा प्रश्न मी टाळला. त्याऐवजी त्याच घटनेची दोन वाचने समोर ठेवली. पहिले असे : फवारणाऱ्याला विषाचा धोका माहीत असतो, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने तो बेफिकीर होतो. दुसरे असे : त्याला धोका माहीत असतो आणि तो आपल्या परीने सांभाळतो, पण पूर्ण सांभाळणे त्याला परवडत नाही. दोन्हींना मुलाखतींत आधार सापडत होता. विचारले एवढेच, की तुमच्या गावात यातले कोणते घडते, आणि यातले कोणते वाक्य ऐकून कोणाला राग येईल? दोन पर्याय असले की भिडेखातर ‘हो’ म्हणणे अवघड होते, कारण एकाला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हणावे लागते.

मजुरांनी ‘बेफिकीर’ हा शब्द धरला. एक जण म्हणाला, ‘आमाले समजते सारं. पण पंपावर पैसे भेटते ना.’ हे वाक्य नीट उलगडायला त्याने पाऊण तास घेतला. मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते. एक पंप म्हणजे साधारण पंधरा-सोळा लिटर पाणी, तेवढे ओझे पाठीवर. ऊन तापलेले असताना प्लास्टिकचा अंगरखा घातला की घामाने जीव जातो, चष्म्यावर वाफ धरते, समोरची ओळ दिसत नाही. पंप कमी होतात, मजुरी कमी पडते. मग तो काय करतो? वाऱ्याला पाठ देऊन चालतो. तोंडाला ओला दुपट्टा बांधतो. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळत नाही. घरी गेल्यावर लेकराला हात लावण्याआधी आंघोळ करतो. या साऱ्या गोष्टी पहिल्या फेरीच्या मुलाखतींत विखुरलेल्या होत्याच, पण त्या एका हिशेबाचे भाग आहेत हे दुसऱ्या बैठकीत त्याने जोडून दिले. ‘बेफिकीर’ म्हणणाऱ्याला या कृतींचे काहीच करता येत नाही. त्या वगळाव्या लागतात. हिशेबाचे वाचन त्यांना सामावून घेते. पहिले वाचन मी सोडले ते मजुरांनी मागणी केली म्हणून नव्हे. त्यांच्या आक्षेपाने मला मुलाखतींत परत पाठवले आणि तिथे त्या वाचनाला न बसणारा ऐवज जास्त निघाला, म्हणून सोडले.

आक्षेप आला की मजकूर बदलला, हा मेंबर चेकिंगचा अर्थ काही ठिकाणी लावला जातो. तो मला मान्य नाही. आक्षेप म्हणजे नवी मुलाखत. तिचीही छाननी मूळ मुलाखतीसारखीच करायची. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल ब्लूर यांनी १९७०च्या दशकात नाक-कान-घसा तज्ज्ञांचा अभ्यास केला होता. लहान मुलांच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया करायची की नाही हे डॉक्टर कसे ठरवतात, हा विषय. प्रत्येक डॉक्टरला त्याच्या पद्धतीचे आपण केलेले वर्णन ब्लूर यांनी पाठवले आणि त्यावर त्याच्याशी चर्चा केली. त्यांचा अनुभव असा, की डॉक्टरांचा प्रतिसादसुद्धा एका विशिष्ट प्रसंगात, विशिष्ट हेतूने दिलेला असतो. तो वर्णनावर मारलेला शिक्का नसतो. शिकलेल्या तज्ज्ञांची ही गत, तर ओसरीवरच्या माणसाकडून शिक्क्याची अपेक्षा का करायची?

आता खरी अडचण. शेतमालकांपैकी एकाने दुसरे वाचन ऐकले आणि तो चिडला. त्याचे म्हणणे असे : किट मी आणून दिले होते, पोरांनी घातले नाही. परवडत नाही वगैरे सोंग आहे. तुमचे हे वाचले तर दोष माझ्यावर येतो. त्याच्या वावरात फवारलेल्या मजुराचे म्हणणे वेगळे : किट नव्हतेच; एक मास्क होता, तो दुसऱ्या दिवशी फाटला.

इथे ‘उत्तरदाते असहमत आहेत’ असे म्हणून भागत नाही. कोण कशाशी असहमत आहे ते पाहावे लागते. मालकाच्या बोलण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. किट दिले होते की नव्हते, ही घडलेली वस्तुस्थिती. ती तपासता येते. कृषी केंद्राची पावती, दुसऱ्या मजुराची साक्ष, घरात पडलेला अंगरखा, काहीही. मी पावती मागितली. ‘शोधून ठेवतो’ म्हणाला, दोनदा गेलो, सापडली नव्हती. न सापडणे म्हणजे खोटे नव्हे. आमच्याकडे बियाण्याची पावतीसुद्धा पाच-सहा महिन्यांत उंदीर नेतो. दुसरी गोष्ट, मजूर किट का घालत नाही याचा अर्थ. यावर मालकाचे मत महत्त्वाचे आहे, पण त्याचा अधिकार मजुराच्या बरोबरीचा नाही. अंगरखा घालून सोळा लिटर वाहायचे की नाही हे ज्याने ठरवले, त्याच्या ठरवण्याची कारणे त्यालाच जास्त ठाऊक. तिसरी गोष्ट, ‘दोष माझ्यावर येतो’. ही माझ्या लेखनाच्या परिणामाबद्दलची तक्रार आहे, अर्थाबद्दलची नव्हे, आणि ती रास्त आहे. गाव लहान असते. ‘बारा एकर कपाशीचा एक मालक’ असे लिहिले की सगळ्यांना कळते.

अशी वेगळी करून पाहिली तर पुष्कळ असहमतींचा गुंता सुटतो. माणसाला स्वतःच्या कृतीबद्दल, स्वतःच्या हेतूबद्दल, स्वतःच्या शब्दांबद्दल जो अधिकार आहे, तो दुसऱ्याच्या कृतीबद्दल नाही. आणि कार्यकारणाबद्दल तर कोणालाच केवळ सांगण्याने मिळत नाही. गावात बहुतेकांचे मत असे, की त्या वर्षी एक विशिष्ट औषधच जहाल निघाले. सतराच्या सतरा जणांनी यावर मान डोलावली तरी त्याने ते सिद्ध होत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी, मिश्रणातली मात्रा, दाखल झाल्यावेळची लक्षणे यांची कागदपत्रे लागतात. उलट सगळ्यांनी नाकारले तरी ते खोटे ठरत नाही. मेंबर चेकिंगने अशा वाक्याची विश्वासार्हता वाढली असे जो लिहितो, तो तराजूने कापड मोजतो आहे.

तिसऱ्या तऱ्हेची असहमती सगळ्यांत नाजूक. दवाखान्यातून परत आलेल्या एकाच्या बायकोला पान वाचून दाखवले. ती शांत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘भाऊ, ते दारूचं काढा.’ पहिल्या मुलाखतीत तिनेच आपणहून सांगितले होते, की फवारणीच्या दिवसांत नवरा संध्याकाळी थोडी घेत असे, अंग ठणकते म्हणून. ते खोटे आहे असे ती म्हणत नव्हती. पण तोवर सरकारी मदतीचा अर्ज पडलेला होता, चौकशीला माणसे येऊन गेली होती, आणि ‘दारू’ हा शब्द कागदावर आला की सगळा प्रसंग ‘त्याचीच चूक’ या रकान्यात जातो हे तिला पुरते कळले होते. आत्महत्यांच्या चौकशीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द या जिल्ह्यात घराघराला ठाऊक आहेत. कोणते कारण सांगितले की काय होते, हे लोक अनुभवाने शिकले आहेत. त्यामुळे इथे उत्तरदात्याच्या नकारात सत्याचा वाद किती आणि जोखमीचा अंदाज किती, हे नेहमी वेगळे करून पाहावे लागते.

मी ते काढले. त्याला विश्लेषणाचा बदल म्हणत नाही. ती तिने दिलेली माहिती होती आणि परत घेण्याचा हक्क तिचा होता. पण काढण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते : विश्लेषण त्या तपशिलावर उभे आहे का? इथे नव्हते. मजुरीचा हिशेब दारूशिवायही तसाच उभा राहतो. तो तपशीलच खांब असता, तर ते सूत्र संपूर्ण मागे घ्यावे लागले असते, किंवा एका घराचा प्रसंग म्हणून न लिहिता अनेक गावांतल्या बोलण्यातून, ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहावे लागले असते. तपशील मुकाट्याने गाळून निष्कर्ष तेवढा ठेवायचा, हा मार्ग मला अप्रामाणिक वाटतो, आणि तो वापरला जातो.

अर्थाच्या वादात संशोधकाने आपले मत सोडायचेच नाही का? इथे मला अमेरिकेतल्या कॅथरीन बोरलंड यांचा निबंध आठवतो. १९९१ साली ‘विमेन्स वर्ड्स’ या संग्रहात तो आला. बोरलंड यांनी आपल्या आजीकडून, बिअट्रिस हॅन्सन यांच्याकडून, १९४४ सालच्या एका घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट ऐकली होती. आजीने वडिलांच्या मताविरुद्ध एका घोड्यावर पैसे लावले होते. नातीने तिचा अर्थ लावला तो पुरुषांच्या जगात स्वतःची जागा मिळवणाऱ्या बाईची गोष्ट असा, आणि लिहिलेले आजीला वाचायला पाठवले. आजीने चौदा पानांचे पत्र लिहिले : ही गोष्ट आता माझी राहिलीच नाही, तू तुझी केलीस. आपण स्त्रीवादी नव्हतो, त्या दिवशी मजा करायला गेलो होतो, असे तिचे म्हणणे. नंतर दोघी पुष्कळ बोलल्या. नातीने काही वाक्ये नव्याने पाहिली, आजीनेही काही मुद्दे कबूल केले, आणि काही मतभेद शिल्लक राहिले. मला या निबंधात आवडते ते हे, की आजीचे पत्र त्यात आहे. वाचकाला दोघींचे म्हणणे दिसते आणि तो स्वतः ठरवू शकतो. एकच गोष्ट आमच्याकडे जुळत नाही. ती आजी पत्र लिहू शकत होती आणि लिहिणारी तिची नात होती. ओसरीवरचा मजूर चौदा पाने लिहीत नाही. त्याचे पत्र आपल्यालाच त्याच्या बोलण्यातून जमवावे लागते.

म्हणून मी एक साधी वही ठेवतो. प्रत्येक आक्षेपासाठी चार रकाने : कोणी (खुणेचा क्रमांक, नाव नाही), कोणत्या वाक्यावर, काय म्हणाले तेच शब्द, आणि मी काय केले व का. पहिली फेरी आणि दुसरी फेरी यांत किती महिने गेले, मधल्या काळात काय घडले, हेही टिपतो. दहा महिन्यांनी माणूस तोच राहत नाही. अर्ज मंजूर झाला किंवा फेटाळला गेला, मजूर दुसऱ्या मालकाकडे गेला, की जुने बोलणे त्याला वेगळे वाटू लागते. ते असहमत होतात ते कधी माझ्याशी, तर कधी स्वतःच्या दहा महिन्यांपूर्वीच्या बोलण्याशी. ज्यांना परत गाठता आले नाही तेही लिहितो. माझ्या यादीतले तिघे पुन्हा भेटले नाहीत. दोघे कामाला बाहेर गेले होते, एकाने नको म्हटले.

पोकळ होकार ओळखण्याची खूणही या वहीत सापडते. होकार लगेच आला, त्यात माझेच शब्द परत आले, आणि सोबत एकही नवा प्रसंग आला नाही, तर त्या भेटीतून काही तपासले गेले नाही असे मी धरतो. ज्या होकारामागे ‘पण आमच्याकडे जरा असं झालं’ येते, तो कामाचा. आणि संपूर्ण वहीत चौथा रकाना सगळीकडे ‘बदल नाही’ असा असेल, तर पडताळणी झालीच नाही.

मालकाचा वाद मी मिटवला नाही. अहवालात दोन्ही म्हणणी शेजारीशेजारी दिली. आधी मजुराचे, कारण प्रश्न त्याच्या अंगरख्याचा होता, मग मालकाचे, त्याच्याच शब्दांत. खाली लिहिले, की किट दिले गेल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि मिळाला तरी मजुरीच्या हिशेबाबद्दलचे विवेचन बदलत नाही, कारण ज्यांच्याकडे किट होते असे दोघांनीही तेच सांगितले. एकरांचा आकडा काढला, गावाचे नाव काढले. ते पान मालकाला पुन्हा वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘हे बी मले पटत नाई.’ तेही मी त्याच पानावर लिहिले आणि त्याला विचारले, आणखी काही घालायचे आहे का. त्याने थोडा विचार करून सांगितले, की पंपाचा दर आम्ही ठरवत नाही, गावात जो चालतो तो देतो. हे वाक्य पहिल्या मुलाखतीत नव्हते. दर कोण ठरवतो, हा प्रश्न घेऊन येत्या हंगामात पुन्हा तिन्ही गावांत जायचे आहे.